दोन तासांची भिंत

* अग्निभार म्हणजे खोलीतले सगळे सामान जळाल्यास दर चौरस मीटरमागे निघणारी उष्णता. अमेरिकेतील सायमन इंगबर्ग यांनी सामानाने भरलेल्या खोल्या जाळून पाहिल्या आणि १९२८ मध्ये त्याची वेळेशी सांगड घातली: चौरस मीटरला सुमारे ५० किलो लाकूड असेल, तर भिंतीने एक तास तग धरावा. म्हणजे २० चौरस मीटरच्या दप्तरखोलीत २००० किलो कागद असला, तर भिंत दोन तासांची हवी. पॉलिथिन मात्र लाकडाच्या दुपटीहून अधिक उष्णता देते, म्हणून त्याचे नुसते वजन धरणे धोक्याचे. शिवाय हे तास चाचणीच्या भट्टीतले. खरी आग खिडक्यांतून मिळणाऱ्या हवेनुसार भडकते. केबलसाठी पाडलेले भोक बुजवले नसेल, तर ती भिंत दोन तासांची मानूच नये.