टीडीआर म्हणजे उशिरा केलेलं कॅन्सलेशन नव्हे

“गाडी चुकली? टीडीआर टाका, ७२ तासांत टाकला की पैसे परत येतात.” हा सल्ला इतक्या ठामपणे दिला जातो की खरा वाटतो. युक्तिवादही वरवर पाहता बिनतोड असतो: आपण बसलोच नाही, टीटीईच्या नोंदीत तसं आहे, मग पैसे कशाचे?

या समजाला जुना आधार आहे. २०१३च्या नियमांत कन्फर्म तिकिटावर गाडी सुटल्यानंतरही दोन तासांपर्यंत निम्मं भाडं मिळे. नोव्हेंबर २०१५पासूनच्या नियमांनी ती वाट बंद केली. गाडी सुटण्याआधीच्या ठरलेल्या मुदतीत तिकीट रद्द केलं नाही, की प्रवाशाच्या अडचणीसाठी परतावा नाही. आजारपणाचा दाखला जोडला तरी यात फरक पडत नाही. रिकामी बर्थ रेल्वेने आरएसीवाल्याला दिली असेल, तर चीड येणं रास्त आहे. पण ते भांडण नियमाशी आहे, टीडीआरने सुटणारं नाही.

टीडीआर चालतो तो चूक रेल्वेच्या बाजूची असते तेव्हा, आणि मुदत कारणागणिक बदलते. सर्वांत उपयोगी कारण म्हणजे गाडी तीन तासांहून जास्त उशिरा असणं.

समजा, मनमाडहून रात्री नऊची गाडी आहे आणि ती साडेबाराला येईल असं दिसतंय. उशीर मोजायचा तो तुमच्या चढायच्या स्थानकावरचा, गाडी निघाली त्या स्थानकावरचा नव्हे. प्रवास करायचा नाही असं ठरलं, तर गाडी मनमाडहून प्रत्यक्ष सुटण्याआधी आयआरसीटीसीच्या साइटवर File TDR उघडायचं, पीएनआर निवडायचा आणि उशिराचं कारण नोंदवायचं. पूर्ण भाडं परत मिळू शकतं. कन्फर्म तत्काळ तिकिटाचंही. इथे ७२ तास विसरायचे. सकाळी उठून सावकाश अर्ज करणारे नेमके इथेच हरतात.

यासाठी कागद जोडावा लागत नाही, कारण पुरावा रेल्वेकडेच असतो: गाडीच्या धावण्याची नोंद. म्हणूनच अंदाजावर विसंबणं धोक्याचं. गाडीने वाटेत वेळ भरून काढली आणि अकरा पन्नासला सुटली, तर उशीर दोन तास पन्नास मिनिटांचा ठरतो आणि अर्ज फेटाळला जातो. तुम्ही घरी बसून पाहिलेला साडेबाराचा स्क्रीनशॉट तिथे टिकत नाही.

एसी बंद पडला किंवा खालच्या वर्गात बसवलं, तर मात्र टीटीईचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते गाडीतच मागून घ्यावं. उतरल्यावर त्याला शोधणार कुठे? निर्णय आयआरसीटीसी देत नाही. ती अर्ज संबंधित विभागीय रेल्वेकडे पाठवते, म्हणून पैशाला महिने लागू शकतात.