संक्षेपचिन्ह : ई-मेलमधील वापर

संक्षेपचिन्ह म्हणजे शब्दाची सुरुवात लिहून उरलेला भाग गाळल्याची खूण म्हणून दिलेले टिंब. ते पूर्णविरामासारखेच दिसते, पण काम वेगळे करते. पूर्णविराम वाक्य संपवतो, तर हे टिंब शब्द अपुरा असल्याचे सांगते.

कोठे द्यावे : डॉ., प्रा., मा., सौ., कु., उदा. आणि इ. ही तोडलेली रूपे असल्याने त्यांना टिंब लागते. श्रीमती, इत्यादी, वगैरे हे पूर्ण शब्द आहेत, त्यांना ते लागत नाही. ‘श्री’बाबत दोन्ही प्रथा आहेत. काहीजण ते ‘श्रीयुत’चे लघुरूप मानून टिंब देतात, काहीजण पूर्ण शब्द मानून देत नाहीत. कोणतीही एक प्रथा धरावी, पण ती एका पत्रात शेवटपर्यंत पाळावी.

इंग्रजीचा प्रभाव : ब्रिटिश लेखनात मिस्टर, डॉक्टर यांच्या लघुरूपांना बहुधा टिंब देत नाहीत, कारण त्यांत शब्दाचे शेवटचे अक्षर शिल्लक असते. अमेरिकी लेखनात देतात. हा ब्रिटिश नियम मराठीला लागू पडत नाही. ‘डॉ.’मध्ये ‘डॉक्टर’चा ‘र’ उरलेला नाही. शेपूट तुटलेलेच आहे.

‘इ.’चा वापर : वाक्य ‘इ.’ने संपले तर एकच टिंब पुरते. प्रश्नचिन्ह किंवा स्वल्पविराम मात्र टिंबानंतर येतो. ‘इ.’ला विभक्तिप्रत्यय जोडायचा असेल, तर ‘इत्यादींची’ असे पूर्ण रूप लिहिणे सोयीचे.

उदाहरण : एका मसुद्यात असे लिहिले आहे :

> शुक्रवारच्या बैठकीला डॉ पाटील व प्रा. शिंदे येतील. खुर्च्या, ध्वनिक्षेपक इ ची सोय करावी. डॉ. पाटील यांच्यासाठी वाहन लागेल.

येथे एकाच व्यक्तीची पदवी दोन प्रकारे लिहिली आहे आणि ‘इ’ उघडा पडला आहे. दुरुस्त मजकूर :

> शुक्रवारच्या बैठकीला डॉ. पाटील व प्रा. शिंदे येतील. खुर्च्या, ध्वनिक्षेपक इत्यादींची सोय करावी. डॉ. पाटील यांच्यासाठी वाहन लागेल.

तपासणी : अशी विसंगती बहुधा जोडकामातून येते. नावे जुन्या यादीतून चिकटवली जातात, मजकूर नव्याने टंकला जातो आणि खालची स्वाक्षरी आधीच साठवलेली असते. म्हणून प्रथम स्वाक्षरी पाहावी. तिथे ‘प्रा’ टिंबाविना असेल, तर ती एकदाच दुरुस्त केली की पुढच्या प्रत्येक पत्रात बरोबर जाते. मग मजकुरात ‘डॉ’ आणि त्यापुढे मोकळी जागा असा शोध घ्यावा. टिंब सुटलेली ठिकाणे लगेच सापडतात. हाच शोध ‘प्रा’, ‘मा’ आणि ‘इ’साठी घेताना पूर्ण शब्दांचे शेवटही सापडतात, ते डोळ्यांनी वगळावे लागतात. शेवटी विषयाची ओळ आणि मायना वाचावा, कारण मजकूर तपासताना नेमक्या याच दोन जागा नजरेतून सुटतात.