तीन स्वप्नं आणि आजी

ताई,

गुरुवारी यायच्या आधी स्वप्नं कागदावर मांडून आणा, असं तुम्ही फोनवर म्हणालात. कधी पडतं, कितीला जाग येते, जाग आल्यावर काय करता, तेवढंच लिहा, अर्थ लावू नका म्हणालात. पण आमच्या घरात स्वप्न सांगितलं की अर्थ लावायला चौघं बसतात. त्यामुळे ते चौघंही या पत्रात येणार.

पहिलं स्वप्न बांधाचं. काळोखात कुणीतरी ओरडतं, "खांड परली!" मी गुडघाभर चिखलात उभी असते. खाडीचं पाणी बांध फोडून भाताच्या खाचरात शिरत असतं आणि मी हातांनी चिखल लोटत असते. चिखल हाताला चिकटून राहतो, खांडीपर्यंत पोचतच नाही. पावणेचार-चारच्या सुमाराला जाग येते. मी उठून पाणी पिते आणि पुन्हा झोपते.

आता गंमत बघा. मी बांध पाहिलेला नाही. माझ्या जन्माआधीच आमच्या गावची शेती कारखान्यांखाली गेली. मी पाहिला तो ठाणे-बेलापूर रस्ता, टँकर आणि गटारात उतरणारं रंगीत पाणी. बांध आहे तो आजीच्या तोंडात. खारं पाणी अडवून मागे राता भात पिकवायचा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला बांधाची परीक्षा. खेकड्याच्या बिळातून आधी बोटभर पाणी झिरपतं, आणि तेव्हाच दिसलं तर एका माणसाचं काम. नाही दिसलं तर खांड. मग घरटी एक माणूस बाहेर पडायचा. ओहोटी लागेपर्यंत नुसतं बघत बसायचं, कारण चढत्या पाण्यात टाकलेली माती वाहून जाते. पाणी उतरलं की पुढची भरती चढेपर्यंत पाच-सहा तास. तेवढ्यात लाकडाच्या मेखा ठोकायच्या, पेंढा आणि चिखल थरावर थर दाबायचे. नाही जमलं तर मीठ जमिनीत मुरतं. मग ते धुऊन काढायला एक-दोन पावसाळे जातात आणि तोवर भाताच्या रोपाची टोकं करपतात. आजी हे सांगते तेव्हा तिचे हात चालतात. माझ्या स्वप्नात ते हात माझे असतात, पण त्यांना काम येत नाही.

काका म्हणतात, गावदेवीचं काहीतरी राहिलंय. वहिनी म्हणते, "मलापण असंच व्हायचं, बीपीची गोळी बदलली आणि थांबलं." मी कुठलीच गोळी घेत नाही, हे तिला सांगून उपयोग नाही. माझी पुतणी नर्स आहे, ती मात्र वहिनीला हसली नाही. काही गोळ्यांनी खरंच स्वप्नं वाढतात म्हणाली.

दुसरं स्वप्न मोजणीचं. माणसं साखळी घेऊन येतात आणि शेत सोडून घरच मोजायला लागतात. साखळी स्वयंपाकघरातून, पाळण्याखालून ओढत नेतात. मग नाव पुकारतात. ते माझ्या आजोबांचं असतं. ओ द्यायला तोंड उघडते तर आवाज फुटत नाही. हे पडलं की झोप संपली. दिवाणाखालची कागदांची पिशवी काढते आणि सातबारा, पावत्या लावत बसते.

याची गोष्टही आजीचीच, पण तिच्या सांगण्यात सगळी सरकारं एक होतात. "सरकार आला, जमीन गेली." काका तिला दर वेळी अडवतात. एमआयडीसी 1962 ची, सिडको 1970 ची, दोघांचे कागद वेगळे, मोबदले वेगळे. मग ते जानेवारी 1984 वर येतात. जासई आणि नवघरकडचा गोळीबार, पाच जणांचं जाणं, दि. बा. पाटील, आणि पुढे साडेबारा टक्क्यांचे भूखंड. तारखा काकांच्या बरोबर असतात. कुठलं शेत कुणी घेतलं ते मात्र आजीला माहीत असतं, कारण प्रत्येक तुकड्याला तिच्याकडे नाव आहे. दोघांची गोष्ट अजून जुळलेली नाही.

पण ताई, हे स्वप्न जुनं आहे असं मला वाटत नाही. कुटुंब वाढलं तसे आम्ही मजले चढवले. सरकारी भाषेत त्याला 'गरजेपोटी बांधलेली घरं' म्हणतात. घराला नोटीस आली, आणि तेव्हापासून साखळी घरात शिरली. त्याआधी ती शेतातच असायची.

तिसऱ्याला स्वप्न म्हणावं की नाही ते तुम्ही ठरवा. त्यात काही दिसत नाही, फक्त वास येतो, जळक्या रबराचा. मी आमच्याच खोलीत असते, पंखा फिरताना दिसतो, मुलं शेजारी झोपलेली दिसतात. त्यांना उठवायचं असतं आणि बोटसुद्धा हलत नाही. छातीवर कुणीतरी बसल्यासारखं होतं. मिनिटभरच चालत असेल, पण त्या मिनिटात मी मुलं गमावलेली असतात. मे 2022 मध्ये आमच्या एमआयडीसीत रबराच्या कारखान्याला आग लागली, तो धूर मी गच्चीवरून पाहिला होता. आमचे हे तशाच एका कारखान्यात पाळीवर असतात.

आजी म्हणते, मुंजा बसतो. काका म्हणतात, उताणी झोपू नकोस, कुशीवर झोप. आश्चर्य म्हणजे काकांचा उपाय थोडा लागू पडतो. पुतणीने सांगितलं की स्वप्नाच्या झोपेत शरीर आपोआप सैल पडतं, हातपाय चालत नाहीत. कधी शरीर तसंच असताना मन आधी जागं होतं, आणि अपुरी झोप, बदलत्या वेळा, उताणं झोपणं यांनी ते वाढतं. मग मी स्वप्नं टिपते त्या वहीत बघितलं. यांची रात्रपाळी असते त्याच आठवड्यात ते येतं. तेव्हा मी बारापर्यंत जागते आणि पाचला गजर लावते.

पुतणीने आणखी एक सांगितलं. वारंवार पडणाऱ्या वाईट स्वप्नाचा शेवट दिवसा, जागेपणी बदलायचा आणि तो नवा शेवट रोज दहा-वीस मिनिटं मनात चालवायचा. बांधाच्या स्वप्नाला हे मला जमेल असं वाटतं. शेवट मला ठाऊकच आहे. आधी थांबायचं, ओहोटी लागू द्यायची, मग मेखा, मग पेंढा. स्वप्नात मी चढत्या पाण्यात माती टाकते, तिथेच चुकतं. पण मोजणीला कुठला शेवट लावू? नोटीस खरी आहे. मनात साखळी गुंडाळून माणसं परत पाठवली, तर ती स्वतःशीच थाप होईल. आणि तिसऱ्याला शेवट नकोच असेल, झोपच हवी असेल.

आता काळज्या. मी समुपदेशनाला जाते म्हटल्यावर शेजारीण म्हणाली, "ठाण्याला नेतील." तिथलं मनोरुग्णालय 1901 चं आहे, तेव्हापासून आमच्याकडे ठाण्याला जाणं म्हणजे वेडं ठरणं. मी जेवण करते, हिशेब ठेवते, मुलीचा अभ्यास घेते. तरी त्या शब्दाने पोटात गोळा आला. दुसरं म्हणजे, मी बोललेलं तुमच्या खोलीबाहेर जाणार नाही ना? गाव लहान आहे आणि कागदांच्या पिशवीवर भावकीचं लक्ष आहे. तिसरं, माझी मुलगी परवा म्हणाली, "आई, मला पण पाणी आलेलं दिसलं." ती अधूनमधून आजीजवळ झोपते. आजीला गोष्टी सांगू नकोस म्हणणं मला जमणार नाही, आणि जमावं असंही वाटत नाही. मुलीने त्या ऐकाव्यात की नाही, एवढं मला सांगा.

गुरुवारी अकराला येते. वही आणते. आजीला कळलंय आणि तिला बरोबर यायचंय. बाहेर बाकड्यावर बसायला ती तयार नाही. म्हणते, बांधाचं मी सांगेन, हिला काय ठाऊक. तिला आत घेणार का, ते कळवा.

तुमची,
पावण्याहून