टीव्हीची बटणं कुठे गेली?

टीव्हीची बटणं हळूहळू कुठे नाहीशी झाली, याचा कधी विचार केलाय? २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, त्या काळातल्या संचांवर चॅनेलची गोल खुंटी अगदी पुढेच असायची. कट्‌ कट्‌ फिरवायची. एका खुंटीला एकच काम!

मग रिमोट आला, पडद्यावर मेनू आला. मेनू उघडला की चॅनेल बदलायचंच बटण वर-खाली सरकायला वापरायचं. एका बटणाला दोन अर्थ झाले. पुढे पडदे सपाट झाले, कडा बारीक झाल्या आणि समोर बटणांना जागाच उरली नाही. २०१० नंतर बऱ्याच संचांच्या मागे किंवा खालच्या कडेला फक्त एक छोटी दांडी राहिली.

परवा रिमोट चालेना म्हणून आईचा फोन आला. "टीव्ही गेला गं!" समोरचा लाल दिवा पेटलेला होता, म्हणजे वीज होती. तिला म्हटलं, खालच्या कडेला मधोमध बोट फिरव. दांडी सापडली, दाबली, टीव्ही सुरू! म्हणजे दोष रिमोटमध्येच. पुन्हा दाबल्यावर छोटा मेनू आला. दांडी कलवून पर्याय गाठायचा, दाबून निवडायचा.

काही संचांवर तर दांडीही नाही, एकच बटण. पटकन दाबलं की पुढचा पर्याय, दाबून धरलं की निवड. खुंटी किती फिरवली याला महत्त्व होतं. आता बटण किती वेळ दाबलं याला आहे. आईला नेमकं हेच समजावावं लागतं.