शेवटच्या अक्षरानंतर काय?

रोमन चरित्रकार स्वेटोनियसने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात ज्युलियस सीझरचं चरित्र लिहिलं. त्यात तो सांगतो की, गुप्त ठेवायचा मजकूर सीझर अक्षरं बदलून लिहीत असे. A च्या जागी वर्णमालेतलं चौथं अक्षर D, आणि पुढची अक्षरंही त्याच हिशेबाने तीन-तीन घरं पुढे. सीझर सायफर म्हणून आपण जी युक्ती ओळखतो, तिची ही जुनी नोंद. पण वर्णमाला संपत आली की सीझर काय करी, हे स्वेटोनियस लिहीत नाही.

टोकाला काय करायचं, हे तो ऑगस्टसच्या चरित्रात लिहितो. ऑगस्टस एकच घर पुढे जाई: A साठी B, B साठी C. त्याच्या लॅटिन वर्णमालेत X हे शेवटचं अक्षर होतं. X च्या पुढे घरच नाही, म्हणून तिथे तो AA असा जोड लिही. उलगडताना यात गोंधळ होत नसे, कारण एक घर पुढे सरकल्यावर दुसऱ्या कुठल्याही अक्षराचं A होत नाही. मजकुरात A दिसला की तो X चाच. पण हा तोडगा एका घरापुरताच सोपा आहे. तीन घरं सरकायचं तर शेवटच्या तीन अक्षरांसाठी तीन अपवाद लक्षात ठेवावे लागतील, तेरा घरं सरकायचं तर तेरा. वर्णमाला ही सरळ रेघ मानली की तिच्या टोकाला अपवाद साचतात. ती वर्तुळ मानली, रविवारनंतर पुन्हा सोमवार यावा तशी, की अपवाद उरत नाही.

वर्तुळावरच्या या मोजणीला शिस्तशीर गणित मिळालं ते १८०१ साली, गाउसच्या ‘डिस्क्विझिशनेस अरिथमेटिके’ या ग्रंथात. ठरावीक संख्येने भागल्यावर ज्यांची बाकी सारखी येते त्या संख्या एकाच घरातल्या, हा त्याचा पाया. वर्तुळात २६ घरं असतील आणि ती ० ते २५ अशी मोजली, तर सरकून कुठे पोचलो हे शोधायला २६ ने भागून बाकी घ्यायची. x हे २३ व्या घरात आहे. त्यात ३ मिळवले की २६, बाकी शून्य, म्हणजे a. घरं १ ते २६ अशी मोजली, तर २६ व्या घराची बाकी शून्य येते आणि शून्य नावाचं घरच नसतं. म्हणून मोजणी शून्यापासून. सीझर सायफरमधल्या बऱ्याच ऑफ-बाय-वन चुका इथूनच सुरू होतात.

हे गणित संगणकावर उतरायला अक्षरांना आकडे हवेत. अमेरिकेत १९६३ मध्ये आस्की हे प्रमाण ठरलं आणि १९६७ च्या आवृत्तीने लहान अक्षरांच्या जागा कायम केल्या. त्यात A म्हणजे ६५, Z म्हणजे ९०, a म्हणजे ९७ आणि z म्हणजे १२२. अक्षरं ओळीने, मध्ये खंड नाही. मग अक्षरात तीन मिळवायचे तर आकड्यात तीन मिळवले की झालं, असं वाटतं. इथे एक फरक नजरेआड होतो. ९७ हा a चा संकेतांक आहे, वर्णमालेतली जागा नाही. जागा शून्य आहे. नवशिक्याच्या प्रोग्राममध्ये `(c + k) % 26 + 'a'` अशी ओळ हमखास आढळते. तीन घरं सरकवायची असताना या ओळीत a घातला, तर ९७ अधिक ३ म्हणजे १००, २६ ने भागून बाकी २२, आणि २२ व्या घरात w. हवा होता d. चूक एका घराची नाही, एकोणीस घरांची आहे, कारण ९७ ला २६ ने भागल्यावर १९ उरतात. आधी `'a'` वजा करून जागा काढायची, मग सरकायचं, मग बाकी, आणि शेवटी `'a'` परत मिळवायचा. हा क्रम मोडला की उत्तर मोडतं.

अक्षरातून अक्षर वजा करता येतं, यामागे सी भाषेचा इतिहास आहे. केन थॉम्प्सनची बी ही भाषा पीडीपी-७ या यंत्रावर घडली. तिच्यात प्रकार एकच होता, यंत्राचा शब्द. अक्षर हवं असेल तर ते त्या शब्दातून सोडवून घ्यावं लागे. बेल लॅब्जमध्ये पीडीपी-११ आलं. त्यात मेमरीतला प्रत्येक बाइट स्वतंत्र पत्त्याने मिळत होता. तेव्हा डेनिस रिची याने १९७१ मध्ये बी भाषेत `char` आणि `int` असे प्रकार घातले आणि त्यातूनच पुढे सी ही भाषा झाली. `char` म्हणजे एका बाइटात मावणारी छोटी संख्या. हिशेब करायची वेळ आली की ती `int` होऊन बाहेर येते, हिशेब `int` मध्ये होतो, आणि उत्तर पुन्हा `char` मध्ये ठेवलं तर ते त्या लहान डब्यात कोंबलं जातं.

पीडीपी-११ ने एक वारसा आणखी ठेवला. बाइट रजिस्टरमध्ये उचलताना ते यंत्र त्याला ऋण-धन चिन्ह असल्याचं धरून चाले. इतर यंत्रं तसं धरत नव्हती. सी भाषेने दोन्ही पद्धती चालू दिल्या, त्यामुळे साधा `char` चिन्हाचा की बिनचिन्हाचा हे आजही यंत्रावर आणि कंपायलरवर अवलंबून आहे. चिन्हाच्या `char` मध्ये मोठ्यात मोठा आकडा १२७. आता या ओळी पाहा:

```c
c = c + k;
if (c > 'z')
    c = c - 26;
```

`c` हा `char` आहे आणि मजकूर लहान अक्षरांतला आहे. `k` तीन असेल तर सगळं बिनचूक चालतं. पाच असला तरी चालतं, कारण z चे १२२ अधिक ५ म्हणजे बरोबर १२७. सहा केला की एकटा z बिघडतो. तेरा केला तर n ते r ही अक्षरं नीट येतात आणि s ते z ही आठ बिघडतात. v घेऊ. ११८ अधिक १३ म्हणजे १३१. बेरीज `int` मध्ये बरोबर झाली, पण `char` मध्ये परत ठेवताना ती उणे १२५ झाली. उणे १२५ हे १२२ पेक्षा मोठं नाही, म्हणून पुढची अट लागूच होत नाही आणि पडद्यावर कचरा येतो. हाच प्रोग्राम एआरएम प्रोसेसरच्या लिनक्सवर चालवला, तर तिथे साधा `char` बहुधा बिनचिन्हाचा असतो. १३१ तसाच राहतो, २६ वजा होऊन १०५ येतात आणि i हे योग्य उत्तर मिळतं. एकाच्या संगणकावर चालतं, दुसऱ्याच्या नाही, या तक्रारीमागे पुष्कळदा हे एवढंच असतं. मधला हिशेब `int` मध्ये ठेवला की ती मिटते.

आता सीमेवरच्या खऱ्या एका घराच्या चुका. पहिली: z ओलांडल्यावर किती ओलांडला ते मोजून `'a' + (c - 'z')` असं लिहिणं. x अधिक ३ म्हणजे १२३, z च्या पुढे एक, म्हणून a अधिक एक, म्हणजे b. हवा होता a. z च्या पुढचं पहिलं घर म्हणजेच a, तिथे आणखी एक मिळवायचा नसतो. दुसरी: शेवटचं घर २५ वं, म्हणून `% 26` ऐवजी `% 25` लिहिणं. तीन घरं सरकवली की a ची जागा ३ होते, म्हणजे d. z ची २५ अधिक ३ म्हणजे २८, पंचवीसने भागून बाकी पुन्हा ३, तोही d. दोन अक्षरांचं एकच झालं की मजकूर उलगडायची सोयच राहत नाही.

तिसरी चूक उलगडताना सापडते. तीन घरं मागे यायचं म्हणून `k` उणे ३ दिला, तर b ची जागा १ वजा ३ म्हणजे उणे २. पायथनमध्ये उणे २ ची २६ ने भागून बाकी २४ येते. सी आणि जावामध्ये ती उणे २ च राहते. सी भाषेच्या १९८९ च्या प्रमाणात ऋण भागाकार कसा करायचा हे यंत्रावर सोडलं होतं. १९९९ च्या प्रमाणाने भागाकार शून्याच्या बाजूला तोडायचं ठरवलं, म्हणून बाकीही ऋण येते. मग ९७ वजा २ म्हणजे ९५, आणि y च्या जागी अधोरेखा `_` उमटते. d पासून पुढे सगळं बरोबर दिसतं, फक्त a, b, c बिघडतात. म्हणून सरकवण्याचा आकडा आधी धन करून घ्यायचा:

```c
int shift(int c, int k)
{
    k = (k % 26 + 26) % 26;
    if (c >= 'a' && c <= 'z')
        return 'a' + (c - 'a' + k) % 26;
    if (c >= 'A' && c <= 'Z')
        return 'A' + (c - 'A' + k) % 26;
    return c;
}
```

अटींमध्ये `>=` आणि `<=` आहेत, कारण दोन्ही टोकांची अक्षरं वर्णमालेतलीच आहेत. मोकळी जागा, आकडे आणि विरामचिन्हं जशीच्या तशी परत जातात.

या कोडला एक मर्यादा आहे. अक्षरं सलग आहेत असं ते धरतं. आयबीएमच्या १९६४ च्या सिस्टीम/३६० यंत्रांनी एबसिडिक ही संकेतमाला चालवली. तिची मांडणी पंचकार्डांच्या रचनेवरून आलेली. तिच्यात I म्हणजे २०१ आणि J म्हणजे थेट २०९. R म्हणजे २१७ आणि S म्हणजे २२६. सी भाषेचं प्रमाणही फक्त ० ते ९ हे अंक सलग असल्याची हमी देतं, अक्षरांची नाही. हीच अडचण आपल्या देवनागरीत आहे. युनिकोडमध्ये न च्या संकेतांकात एक मिळवला की प येत नाही, मध्ये नुक्त्याचा ऩ आहे. ळ ची जागाही ल आणि व यांच्या मध्ये आहे, आपण तो ह नंतर म्हणतो. मराठी अक्षरं सरकवायची तर वर्णमाला आपल्या क्रमाने एका सारणीत लिहायची, अक्षराची त्या सारणीतली जागा शोधायची, जागेवर बाकीचा हिशेब करायचा आणि नव्या जागेवरचं अक्षर उचलायचं. एबसिडिकवरही हाच मार्ग चालतो.

प्रोग्राम तपासताना ‘hello’ वर थांबू नका. तीन घरं सरकवली तर त्यातलं एकही अक्षर वर्णमालेचं टोक ओलांडत नाही. सगळी २६ अक्षरं घाला आणि `k` ला ०, १, १३, २५, २६ आणि -१ द्या. प्रत्येक वेळी सव्वीसच्या सव्वीस अक्षरं एकदाच यायला हवीत, आणि `k` ने पुढे नेलेलं `-k` ने जागेवर परत यायला हवं. या दोन कसोट्यांवर उतरला नाही, तर प्रोग्राम कुठेतरी चुकतो आहे.