शिवणीपलीकडची ओळ

१८७२ ते १९०१ या काळात मुंबई इलाख्यातल्या जिल्ह्यांची लोकसंख्या कशी बदलली, हे दाखवणारा तक्ता रुंद पानावर दोन भागांत पडलेला असतो, असे धरू. डावीकडे जिल्ह्याचे नाव आणि चार खानेसुमारींचे आकडे, उजवीकडे फरकाचे रकाने आणि मध्ये शिवणीची काळी सावली.

असा तक्ता स्कॅनवरून उतरवताना पहिला प्रश्न असा, की उजवा भाग डाव्याच्या खाली जोडायचा की शेजारी? उत्तर मथळ्यांत मिळते. उजवीकडे तेच मथळे पुन्हा आले असतील, तर यादी पुढे चालू आहे. तो भाग खाली जाईल. इथे मथळे नवे आहेत आणि जिल्ह्यांची नावे नाहीत, म्हणून तो शेजारी जाईल. एवढे निश्चित.

कोणती ओळ कोणत्या ओळीसमोर, हे मात्र नुसत्या नजरेवर सोडू नये. पान एक अंश तिरके स्कॅन झाले, तर ३० सेंटिमीटर रुंदीत ओळ सुमारे ५ मिलिमीटर सरकते. बारीक छपाईत तेवढ्यात पुढचा जिल्हा येतो. म्हणून आधी पान सरळ करावे, दोन्ही बाजूंच्या ओळी मोजाव्यात आणि मग आकड्यांची साक्ष काढावी.

मुंबई शहराची ओळ घेऊ. १८७२ मध्ये ६,४४,४०५, १८८१ मध्ये ७,७३,१९६, १८९१ मध्ये ८,२१,७६४ आणि १९०१ मध्ये ७,७६,००६. वजाबाकीने फरक येतात १,२८,७९१, ४८,५६८ आणि ४५,७५८. उजवीकडच्या ज्या ओळीत हे तिन्ही सापडतील, ती मुंबईची. एक जुळणी योगायोग असू शकेल, तिन्ही क्वचितच. तरीही ही तपासणी प्रत्येक ओळीवर करावी लागते, कारण मध्येच एखादी ओळ गळली तर घसरण तिथून पुढेच सुरू होते.

शेवटच्या फरकाआधीचे वजाचिन्ह शिवणीत हरवले असेल, तर तेही परत मिळवता येते. १८९६ पासूनच्या प्लेगच्या वर्षांत शहराची संख्या घटली होती, हा बाहेरचा पुरावा. आतला पुरावा अधिक भक्कम आहे: एकूण बदलाच्या रकान्यात १,३१,६०१ असेल, तर तो ४५,७५८ वजा केल्यावरच येतो. असे भरलेले चिन्ह किंवा अंक चौकटी कंसात लिहावेत, म्हणजे छापलेले कोणते आणि काढलेले कोणते हे पुढच्या वाचकाला कळेल.

डावीकडचा १८९१ चा एखादा आकडाच पुसट असेल, तर तो १८९१ च्या अहवालातून उचलून बसवण्याचा मोह आवरावा. जिल्ह्यांच्या सीमा बदलल्या, की नंतरच्या अहवालात जुने आकडे नव्या सीमांप्रमाणे दुरुस्त केलेले असू शकतात. त्या आकड्याचा भरवशाचा साक्षीदार शिवणीपलीकडे, त्याच ओळीतला फरक. तोही वाचता येत नसेल, तर रकाना रिकामा ठेवावा.