अष्टकोनाचं कूळ

फोटोत लाल रंगाची अष्टकोनी पाटी आहे. तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘आरे’ हा फ्रेंच शब्द लिहिलाय, ‘थांबा’ या अर्थाचा. देश कोणता? बहुतेक जण फ्रान्स म्हणून मोकळे होतात. पण फ्रान्समध्ये या पाटीवर ‘स्टॉप’ असंच लिहिलेलं असतं. ‘आरे’ लिहितो तो कॅनडाचा क्वेबेक प्रांत. फ्रेंच मुलखात इंग्रजी शब्द आणि इंग्रजीबहुल देशातल्या एका प्रांतात फ्रेंच शब्द, असं का झालं हे कळायला या पाटीची वंशावळ बघावी लागते.

पाटी मूळची अमेरिकन. 1915 साली डेट्रॉइट शहरात थांब्याची पहिली पाटी लागली, ती पांढरी होती आणि अक्षरं काळी. मग ज्या त्या गावाने आपापल्या पाट्या काढल्या. गोंधळ वाढल्यावर अमेरिकेच्या मध्यभागातल्या काही राज्यांच्या रस्तेखात्यांनी 1923 च्या सुमारास आकारांचा एक नियम मांडला: धोका जितका मोठा, तितक्या पाटीच्या कडा जास्त. रेल्वे फाटक सगळ्यांत जिवावरचं, म्हणून त्याला वर्तुळ, कारण वर्तुळाला अगणित कडा मानता येतात. त्याखालोखाल थांब्याला अष्टकोन, पुढच्या वळणाच्या-चढाच्या इशाऱ्याला टोकावर उभा चौकोन आणि नुसत्या माहितीला साधा आयत. त्या काळच्या मिणमिणत्या दिव्यांत अक्षरं वाचता आली नाहीत तरी आकार कळावा, हा हिशोब. त्याचा आणखी एक फायदा असा, की अष्टकोन मागूनही ओळखू येतो. समोरून येणाऱ्याला थांबायचंय हे आपल्याला कळतं.

रंग मात्र पिवळा ठरला. लाल रंग उन्हापावसात फिका पडायचा आणि रात्री काळपट दिसायचा. न विटणारा लाल मुलामा हाताशी आल्यावर 1954 मध्ये पाटी लाल झाली. त्यामुळे जुन्या फोटोत पिवळा अष्टकोन आणि काळी अक्षरं दिसली तर आधी अमेरिका आणि 1954 पूर्वीचा काळ धरावा. जुन्या पाट्या लगेच उतरवल्या जात नाहीत, म्हणून दोन-चार वर्षांची सूट ठेवायची.

युरोप दुसऱ्याच वाटेने गेला होता. तिथे 1909 च्या पॅरिस करारापासून भर चिन्हांवर होता, कारण थोडं अंतर गेलं की भाषा बदलते. थांब्यासाठी तिकडे लाल कडेचं वर्तुळ आणि त्यात खाली टोक असलेला त्रिकोण रूढ झाला. 1968 च्या व्हिएन्ना कराराने दोन्ही घराण्यांना मान्यता दिली: अष्टकोन चालेल, वर्तुळही चालेल, शब्द ‘स्टॉप’ असेल किंवा देशाच्या भाषेतला. युरोपातले देश हळूहळू अष्टकोनाकडे वळले (ब्रिटन 1975 मध्ये), आणि शब्द ‘स्टॉप’च राहिला. अमेरिका खंडातल्या देशांनी उलट केलं: आकार शेजाऱ्याचा, शब्द आपला.

म्हणून आज नुसता लाल अष्टकोन पाहून देश सांगणं म्हणजे नुसता सदरा पाहून गाव सांगणं. अपवाद मात्र लगेच पकडता येतात. जपानने 1963 पासून खाली टोक असलेला लाल त्रिकोण ठेवलाय. क्यूबात वर्तुळातला त्रिकोण अजून दिसतो. इस्रायलच्या अष्टकोनावर शब्दच नसतो, वर केलेला पंजा असतो.

खरी परीक्षा ‘पारे’ लिहिलेल्या पाटीची. शब्द स्पॅनिशमध्येही तोच आणि पोर्तुगीजमध्येही तोच. स्पेन त्यातून आधीच वगळायचा, तिथे ‘स्टॉप’ असतं. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले देशही वगळायचे, तिथे ‘आल्तो’ लिहितात. उरतात मुख्यतः दक्षिण अमेरिकेतले देश आणि कॅरिबियनमधले पोर्तो रिकोसारखे काही प्रदेश. आता फोटोत वेगमर्यादेची पाटी शोधायची. ती पांढरा उभा आयत असेल, तर पोर्तो रिको: अमेरिकेची सत्ता असल्याने तिथे वेग मैलांत मोजतात, अंतर मात्र किलोमीटरमध्ये लिहितात. पाटी गोल, लाल कडेची आणि आकड्याखाली ‘किमी/तास’ छापलेलं असेल, तर ब्राझीलकडे झुकायचं आणि रस्त्याच्या नावाआधी ‘रुआ’ आहे का ते पाहायचं. तिथे ‘काये’ लिहिलं असेल तर भाषा स्पॅनिश, म्हणजे ब्राझील बाद.

त्यानंतर चिली की अर्जेंटिना, कोलंबिया की पेरू, हे मात्र या पाटीवरून कळत नाही. त्यासाठी गाड्यांच्या नंबरप्लेटा, विजेचे खांब, दुकानांच्या पाट्या चाळाव्या लागतात, आणि फोटोत त्या नसल्या तर ‘बहुधा दक्षिण अमेरिकेतला स्पॅनिश बोलणारा देश’ एवढ्यावरच थांबायचं.